पात्राचं नाव ठरवताना आधी जन्मसाल काढा

कथा छान आहे, पण एक गोष्ट खटकली. कथा 1975 सालची, आजी साठीची, आणि तिचं नाव रिया! नाव कथेच्या सालातून नाही, जन्मसालातून येतं. 1975 मधून 60 वजा करा: 1915. तेव्हाच्या मुली द्वारका, गोदावरी, यमुना.

तुमची आजी रत्नागिरीकडची आहे, म्हणून गावावरून आलेलं ‘-कर’ आडनाव शोभेल. ‘-वार’ लावलंत की वाचक थेट पूर्व विदर्भात किंवा नांदेडकडे जाईल.

स्वभावासाठी मात्र शब्दकोशातला अर्थ शोधू नका. तापट माणसाला ‘ज्वालाप्रसाद’ ही नवोदितांची नेहमीची चूक. त्यापेक्षा तिला कोण काय हाक मारतं ते ठरवा. लग्नात नाव बदलून लक्ष्मी झालं, घरात सगळे ‘काकू’ म्हणतात, फक्त माहेरचा भाऊ ‘द्वारके’ म्हणतो. त्या एका हाकेला ती कशी वळते ते लिहा. तिचा स्वभाव मला तिथेच दिसेल.

आणि हो, एकाच कथेत सुमन, सुमती, सुनंदा नको. वाचक गोंधळतो. जातीच्या, टोपणनावांच्या बारकाव्यांचं नंतर बघू. आधी आजीचं नाव बदलून पुन्हा पाठवा.