गावागणिक किती कुटुंबं घ्यायची?

प्रश्न: जनगणना 2011 च्या कुटुंबसंख्येच्या प्रमाणात आम्ही गावं निवडली आहेत. आता प्रत्येक गावातून 20 कुटुंबं घेतली, तर सगळ्यांचं वेट सारखं राहील ना?

उत्तर: गावातली कुटुंबं आजही 2011 इतकीच असतील, तरच राहील. लिस्टिंग केलं की कळतं, तशी ती क्वचितच असतात.

समजा, एका स्तरात जनगणनेनुसार 20,000 कुटुंबं आहेत आणि तुम्ही 20 गावं निवडलीत. एकूण 400 कुटुंबं हवीत, म्हणजे दर 50 कुटुंबांमागे एक. ज्या गावात जनगणनेत 250 कुटुंबं होती, ते निवडलं जाण्याची शक्यता 20 × 250 / 20,000, म्हणजे पाव. एकूण प्रमाण 1/50 राखायचं तर गावाच्या आत 4/50, म्हणजे 8 टक्के कुटुंबं घ्यायला हवीत. 250 चे 8 टक्के 20 होतात. तुमचा 20 चा आकडा बरोबर ठरतो तो एवढ्यामुळेच.

आता हे गाव हायवेलगत आहे आणि लिस्टिंगमध्ये 400 कुटुंबं निघाली, असं धरा. इथे 20 वर अडून राहिलात तर प्रत्येक कुटुंबाचं वेट 4 × 400/20, म्हणजे 80 होतं. तेवढ्याच आकाराच्या, पण स्थलांतराने रिकाम्या होत चाललेल्या गावात 175 च निघाली, तर तिथे ते 35 येतं. वेट न लावता सरासरी काढलीत, तर वाढत्या गावांचा आवाज दबतो आणि ओस पडणाऱ्या गावांचा वाढतो. म्हणून आकडा नव्हे, 8 टक्क्यांचा दर पक्का धरा: पहिल्या गावात 32, दुसऱ्यात 14. दोन्हीकडे वेट 50 च.

निवडताना अंतर 12.5 येतं. ते 12 किंवा 13 करू नका, नाहीतर दर बदलतो. 0 ते 12.5 मधला एक यादृच्छिक आकडा घ्या, समजा 7.3. त्यात 12.5 मिळवत जा: 19.8, 32.3, 44.8... प्रत्येक आकडा वरच्या पूर्णांकाला न्या. यादीतली 8, 20, 33 आणि 45 क्रमांकाची कुटुंबं तुमची.

यात अडचण एकच, आणि ती खरी आहे: एका टीमला 32 मुलाखती, दुसरीला 14, त्यामुळे दिवसांचं आणि पैशांचं गणित आधी बांधता येत नाही. मोठ्या गावाचे तुकडे पाडून एकच तुकडा घेतला तर लिस्टिंग वाचतं, मुलाखती मात्र वाचत नाहीत. 200-200 चे दोन तुकडे पाडून एक निवडलात की शक्यता अर्धी होते, म्हणून आतला दर 16 टक्के, आणि पुन्हा 32 च. NFHS-4 मध्ये प्रत्येक क्लस्टरमधून ठरावीक 22 कुटुंबं घेऊन वेट नंतर लावले होते. तोही सरळ मार्ग आहे, पण मग वेट लावणं टाळता येत नाही.

दुसऱ्या स्तरातही 1/50 च ठेवा. 5,000 कुटुंबांच्या छोट्या तालुक्याचा स्वतंत्र अंदाज हवा म्हणून तिथूनही 400 घेतलीत, तर तिथलं वेट 12.5 होईल आणि जिल्ह्याच्या आकड्यासाठी वेट लावावेच लागतील. कुलूपबंद घराच्या जागी शेजारचं घर घेऊ नका. 32 पैकी 28 च मिळाली, तर त्या गावाचं वेट 50 × 32/28, म्हणजे सुमारे 57 लिहा.