सेटल प्लेटवरून घनमीटरचा आकडा काढावा का?

"बी.एस्सी. मायक्रोच्या प्रोजेक्टसाठी भरलेल्या वर्गात न्यूट्रिएंट अगारची ९ सेंमी प्लेट १५ मिनिटं उघडी ठेवली. ४२ कॉलन्या आल्या. सर म्हणतात, सीएफयू प्रति घनमीटर लिही. कसं काढू?"

यासाठी ओमेलियान्स्कीचं सूत्र वापरतात:

N = 50000 × a ÷ (b × t)

a म्हणजे कॉलन्या, b प्लेटचं क्षेत्रफळ चौरस सेंमीमध्ये, t मिनिटं. ९ सेंमी प्लेटचं क्षेत्रफळ ६३.६, म्हणून तुझं उत्तर साधारण २२००. सरांसाठी लिही, पण त्याखाली पुढची ओळही घाल.

सूत्राचं गृहीतक असं: १०० चौरस सेंमीवर ५ मिनिटांत जेवढे जंतू पडतात तेवढे १० लिटर हवेत असतात. याचा हिशेब केलास तर कण सेकंदाला ०.३३ सेंमी वेगाने खाली येतात असं आपण धरलेलं असतं. हा वेग साधारण १० मायक्रॉनच्या कणाचा, म्हणजे जंतू वाहणाऱ्या कातडीच्या कोंड्याचा वगैरे. २ मायक्रॉनचा कण त्याच्या पंचवीसेक पट सावकाश पडतो. असे कण हवेत भरपूर असले तरी प्लेटवर जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे क्षयाच्या संसर्गाबद्दल या प्लेटवरून काहीही म्हणू नकोस. शिवाय तो जंतू न्यूट्रिएंट अगारवर वाढतही नाही. त्यात वर्गात पंखा चालू असेल तर कण नुसते पडत नाहीत, झोताने आदळतातही, मग सूत्राचा पायाच हलतो.

म्हणून माझ्या मते मुख्य आकडा "४२ सीएफयू, ९ सेंमी प्लेट, १५ मिनिटं" असाच द्यावा. चारने गुणून तासाचा करू नकोस. तास संपताना मुलं उठतात, बाकं सरकतात, तेव्हा दर एकदम बदलतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये हीच पद्धत जास्त शोभते, कारण तिथे प्रश्नच मुळात जखमेवर किंवा उघड्या अवजारांवर काय पडतं हा असतो. तिथली रूढ मांडणी १/१/१: जमिनीपासून १ मीटर उंच, भिंतीपासून निदान १ मीटर दूर, १ तास. तासाला ५ पर्यंत कॉलन्या म्हणजे हवा फार चांगली, ६ ते २५ चांगली. पण प्लेट शस्त्रक्रिया चालू असताना ठेवलेली हवी. रिकाम्या थिएटरचा आकडा वेगळाच प्रश्न सोडवतो. माणसंच नाहीत तर कोंडा कुठून येणार?

आता तुझ्या ४२ बद्दल. कंट्रोल ठेवला होतास का? एक प्लेट न उघडता आणि दुसरी उघडून लगेच बंद करून, दोन्ही त्याच इन्क्युबेटरमध्ये उलट्या ठेवायच्या, ३७ अंशांवर ४८ तास. न उघडलेलीवर कॉलन्या दिसल्या तर माध्यमच दूषित आहे. नुसती दुसरीवर दिसल्या तर हाताळणी तपास. वर्ग भरण्याआधी त्याच जागी एक प्लेट ठेवली असतीस तर ४२ ला तुलनाही मिळाली असती. बुरशीही मोजायची असेल तर साबुरो अगार घे, २५ अंशांवर ५ दिवस.