परिपाठात कोणाची गोष्ट सांगावी?

आदरणीय ताई,
मी नववीत आहे. पुढच्या आठवड्यात परिपाठात मला पाच मिनिटे बोलायचे आहे. ऑनलाइन लिहिलेले साधे वाटणारे शब्द वर्गातल्या मुलांना इतके का लागतात, असा विषय आहे. आमच्याच वर्गाच्या ग्रुपवर एका मुलाची थट्टा झाली होती आणि त्यानंतर तो काही दिवस शाळेत आला नव्हता. नाव न घेता तीच गोष्ट सांगितली तर सगळ्यांना पटेल, असे मला वाटते. पण माझी मैत्रीण म्हणते, एवढ्याशा गोष्टीवर कसले भाषण, सगळे हसतील. मी काय बोलू?
— एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

त्या मुलाची गोष्ट सांगू नकोस. तू नाव घेतले नाहीस, तरी तुझ्या वर्गाला ते माहीत आहे आणि तुझे दुसरे वाक्य पूर्ण होण्याआधीच माना त्याच्याकडे वळतील. ज्यांना काहीच ठाऊक नव्हते, ती मुले मधल्या सुट्टीत ‘तो कोण रे?’ म्हणून चौकशी करतील आणि जे एका ग्रुपपुरते होते ते शाळाभर होईल. त्याची परवानगी विचारावी, असेही तुझ्या मनात येईल. पण चांगल्या हेतूने विचारणाऱ्या वर्गमैत्रिणीला नाही म्हणणे अशा मुलाला फार जड जाते, म्हणून त्याचा होकार मिळाला तरी त्यावर विसंबू नये.

त्याऐवजी एक प्रसंग स्वतः रच आणि तो घडलेल्या घटनेपासून पुरेसा दूर ठेव. उदाहरण म्हणून मी एक सुचवते. चाळीस जणांच्या ग्रुपवर एक मुलगी स्वतः काढलेल्या चित्राचा फोटो टाकते. त्याखाली एक मुलगा लिहितो, ‘हे तूच काढलंस का?’ त्याला चित्र खरोखर आवडलेले आहे. दुसरा कोणी त्यावर हसण्याचा इमोजी टाकतो, मग आणखी सहा जण टाकतात आणि बाकीचे काहीच लिहीत नाहीत. चित्रावर याखेरीज एकही शब्द येत नाही. या प्रसंगात शिवी नाही, टोपणनाव नाही, रंगरूपावर शेरा नाही. म्हणूनच तो तुझ्या विषयाला नेमका लागू पडतो.

भाषणात ते वाक्य दोनदा म्हण. पहिल्यांदा मनापासून कौतुक वाटल्यासारखे आणि थोडे थांबून दुसऱ्यांदा ओठ मुडपून, खिजवल्यासारखे. अक्षरे तीच राहतात आणि अर्थ उलटतो, हे सभागृहाला कानांनी कळेल. मग विचार, की त्या मुलीला स्क्रीनवर यातले कोणते ऐकू आले असेल? लिहिणाऱ्याच्या मनात स्वतःचा सूर वाजत असतो आणि तो अक्षरांतूनही पोहोचला, असे त्याला वाटते. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विद्यार्थ्यांनी एकमेकांना काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवली. आपला सूर समोरच्याला सुमारे 78 टक्के वेळा ओळखता येईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून पाठवलेल्या वाक्यांच्या बाबतीत तो बराचसा खरा ठरला. ईमेलच्या बाबतीत मात्र वाचणाऱ्यांना तो जेमतेम 56 टक्के वेळा ओळखता आला, म्हणजे नाणे उडवून ठरवले असते तरी फारसा फरक पडला नसता. वाचणाऱ्यांनाही आपण अचूक ओळखले अशी खात्री होती, ही त्यातली अधिक विचार करण्यासारखी बाब आहे. परिपाठात हे आकडे सगळे सांगू नकोस. एखादाच सांग, नाहीतर मुलांचे लक्ष वाक्यावरून उडेल.

यानंतर त्या सात इमोजींकडे ये, कारण घाव बहुधा मूळ वाक्याने नव्हे, तर त्यांच्यामुळे होतो. पहिल्या इमोजीने संदिग्ध वाक्याचा अर्थ ठरवून टाकला आणि पुढच्या सहांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रत्येकाने एकदाच बोट टेकवले, म्हणून प्रत्येकाच्या लेखी ती क्षणाची गोष्ट. त्या मुलीपुढे मात्र सात नावे एकाखाली एक उभी आहेत आणि ती रात्री, सकाळी, वर्गात येण्यापूर्वी पुन्हा वाचता येतात. वर्गात कोणी काही बोलले, तर ते निदान हवेत विरते आणि बोलणाऱ्यालाही समोरचा चेहरा पडलेला दिसतो. त्यामुळे त्याला तिथेच सावरून घेता येते. मोबाइलवर तो चेहरा दिसत नाही, म्हणून थांबण्याची खूणही मिळत नाही.

न बोललेल्यांविषयीही थोडे सांग, कारण तुझ्यासमोर बसलेली बहुतेक मुले त्यांच्यातली असतील. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने संगणकावर चेंडू फेकण्याचा अगदी साधा खेळ तयार केला होता, ज्यात काही वेळाने इतर खेळाडू एकाला चेंडू देणेच बंद करतात. ते खेळाडू पूर्ण अनोळखी आणि खेळात जिंकण्यासारखे काही नाही, तरीही वगळलेल्या माणसाचे मन खाली जाते. पुढच्या एका प्रयोगात तर चेंडू संगणकच फेकत आहे हे आधी सांगूनही लोकांना वाईट वाटले. मग ज्यांच्याबरोबर रोज बसायचे त्यांनी पाहून गप्प राहणे कसे लागत असेल, हा प्रश्न तेवढाच विचार आणि पुढे जा.

तुझ्या मैत्रिणीची शंका अगदीच चुकीची नाही. ग्रुपवरचे टोमणे तू जसेच्या तसे वाचून दाखवलेस, तर मुले हसतीलच, आणि हसली की पुन्हा तेच घडेल. वरचे वाक्य हसू येण्यासारखे नाही, हा त्याचा मोठा उपयोग. दुसरी काळजी अशी, की हे सगळे ‘छळ’ आहे असे म्हणू नकोस. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी शाळेतल्या छळाची जी ओळख सांगितली, तिच्यात त्रास देण्याचा हेतू, पुन्हापुन्हा होणे आणि बळातली तफावत, या तिन्ही गोष्टी येतात. चित्राच्या प्रसंगात यातली पहिली मुळीच नाही. ‘छळ करणारे’ म्हटले, की ऐकणारा ‘मी तसा नाही’ म्हणून मोकळा होतो आणि तुझे ऐकणे सोडतो. आत्महत्येच्या बातम्याही आणू नकोस. ऐकणाऱ्यांत आधीच खचलेले कोणी असेल, तर त्या त्याला धोक्याच्या ठरू शकतात.

शेवटी उपाय सांगायचा, तर त्याच प्रसंगातून सांग. लिहिणाऱ्या मुलाने ‘मी गंमत केली नव्हती, तूच मनाला लावून घेतलेस’ असे म्हणणे खरे असूनही निरुपयोगी आहे. त्याने तिला प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून, म्हणजे जिथे सूर पोहोचतो तिथे, चित्र आवडले म्हणून सांगावे आणि मग ग्रुपवरही एक ओळ लिहावी, कारण हसणे चारचौघांत झाले होते. हसलेल्यांनी आपला इमोजी काढून तिची माफी मागावी. गप्प राहिलेल्यांपैकी एकाने चित्राबद्दल काहीतरी नेमके लिहिले, आकाशाचा रंग किंवा हातांची बोटे जमली असे, तरी तिला वाचायला दुसरे काही मिळते.

पाचशेच्या आसपास शब्द लिही, म्हणजे पाच मिनिटांत सावकाश बोलता येईल, आणि आधी वर्गशिक्षकांना दाखव. तुमच्या वर्गात ज्याची थट्टा झाली, त्या मुलालाही विषय आदल्या दिवशी कळू दे. तुझी गोष्ट कोणीही सांगणार नाही, एवढेच त्याला एकांतात सांग. भाषणानंतर कोणी तुझ्याकडे येऊन ‘माझ्याबाबतीत असेच चालले आहे’ म्हणाले, तर ऐकून घे, पण कोणालाही सांगणार नाही असे वचन देऊ नकोस. तुमच्या दोघांच्या विश्वासातले शिक्षक कोण, ते विचार आणि त्यांच्याकडे त्याच्याबरोबर जा.

तुझी,
ताई