लाँग केसमध्ये थायरॉइडची एकच गाठ: निदान आणि तपासण्यांचा क्रम

प्रश्न: लाँग केसला थायरॉइडची गाठ आली तर डिफरन्शियल आणि तपासण्या कोणत्या क्रमाने सांगू?

उत्तर: समजा, ३५ वर्षांची बाई आहे, मानेत उजवीकडे ३ सेंमीची गाठ, हळूहळू वाढलेली. घोट गिळताना गाठ वर सरकते, हे आधी दाखवा. मग डावा लोबही नीट चाचपा. तिथेही गाठी लागल्या तर ही मल्टिनोड्युलर गॉयटरमधली मोठी गाठ असू शकते. नाडी, आवाज आणि मानेतले लिम्फ नोड तपासल्याशिवाय निदान बोलू नका. नोड कडक लागले, तर पॅपिलरी कार्सिनोमा पहिला. काहीच नसेल तर कोलॉइड नोड्यूल, मग फॉलिक्युलर अॅडिनोमा, पण कॅन्सरची शक्यता सांगायचीच.

पहिली तपासणी टीएसएच. ते कमी असेल तरच आयसोटोप स्कॅन. मुलं उगाच सगळ्यांना स्कॅन सांगतात आणि तिथेच अडकतात. नॉर्मल किंवा जास्त असेल तर मानेची सोनोग्राफी, मग एफएनएसी.

परीक्षक हमखास विचारतात: एफएनएसीत 'फॉलिक्युलर निओप्लाझम' आलं तर? सुईने फक्त पेशी मिळतात, कॅप्सूल किंवा रक्तवाहिनीत शिरकाव दिसत नाही. म्हणून अॅडिनोमा की कार्सिनोमा, हे बहुधा हेमिथायरॉइडेक्टॉमीनंतरच्या हिस्टोपॅथॉलॉजीतूनच ठरतं. ऑपरेशनआधी स्वरतंतूंची हालचाल तपासायची, हेही सांगा.