रिकाम्या खिशात हात: तयारी की प्रयत्न?

प्रश्न: पाकीटमाराने खिशात हात घातला, पण खिसा रिकामाच निघाला. चोरी झालीच नाही, मग गुन्हा कसला?

होतो, चोरीच्या प्रयत्नाचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 62 खाली (जुन्या दंड संहितेचं 511) नेमकं हेच उदाहरण दिलंय. खिसा रिकामा निघणं हा योगायोग. त्याचा हेतू आणि कृती दोन्ही पूर्ण होती.

आता थोडं मागे जा. घरून ब्लेड घेऊन निघणं, गर्दीचा फलाट निवडणं ही झाली तयारी. इथवर तो परत फिरू शकतो आणि हेतूही पक्का दिसत नाही, म्हणून शिक्षा नाही. ब्लेड खिशाच्या कापडाला लागलं की मात्र रेषा ओलांडली. खरा वाद मधल्या क्षणाचा, म्हणजे पाठीशी चिकटून उभं राहण्याचा. नुसत्या तेवढ्यावर प्रयत्न सिद्ध करणं अवघड.

पण गुन्ह्याआधीची अगदी शेवटची कृतीच व्हायला हवी, असंही नाही. वसईजवळच्या खाडीवर चांदी उतरवताना पकडलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये तस्करीच्या प्रयत्नासाठी दोषी धरलं; चांदी अजून होडीत चढलीही नव्हती.

शिक्षा? मूळ गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या निम्म्यापर्यंत. साध्या चोरीला 3 वर्षं, म्हणून इथे दीड वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.