बाळ सारखे का झोपते? थोरल्यासाठी एक गोष्ट

प्रश्न: आमचे घर बेळगावच्या वडगावात असून शेजारी यंत्रमाग आहेत. धाकटी वीस दिवसांची आहे. साडेपाच वर्षांचा थोरला ‘ही खेळतच नाही’ म्हणून तिला हलवून उठवतो आणि रागावले की रडतो. त्याला समजेल अशी छोटी गोष्ट सांगाल का?

उत्तर: भगिनी, ‘तू आवाज केलास तर बाळ आजारी पडेल’ असे त्याला कोणी सांगत असेल, तर ते आधी थांबवा. या वयाच्या मुलाला नुसते गप्प बसणे जमत नाही, पण बघत बसण्याचे काम दिले तर ते तो आवडीने करतो, म्हणून गोष्टीतल्या चिनूलाही मी तेच काम दिले आहे.

चिनू शाळेतून आला तो भोवरा घेऊन थेट पाळण्यापाशी गेला. बाळाचे डोळे पापण्यांखाली हलत होते, ओठ हसल्यासारखे झाले होते. “आज्जी, ती जागी आहे!” म्हणत त्याने हात पुढे केला. आज्जी म्हणाली, “हात नको लावू, नुसता बघ.” बाळाने तोंड वाकडे केले, कुंई केले आणि ते पुन्हा शांत झाले. “ती झोपेतच हलते,” आज्जी म्हणाली. “तिचा मेंदू भराभर वाढतोय, त्याला झोप लागते. पोट मात्र एवढेसे, म्हणून दोन-तीन तासांनी दूध प्यायला उठते.” “मग मागाच्या आवाजाने का उठत नाही?” चिनूने विचारले. तेवढ्यात स्वयंपाकघरात ताटली पडली. बाळाचे दोन्ही हात एकदम फाकले आणि ते रडू लागले. “माग एकसारखा वाजतो, ताटली एकदम पडली!” चिनूने स्वतःच उत्तर दिले. दूध पिऊन झाल्यावर बाळ टक्क जागे राहिले. आज्जीने चिनूला वीतभर अंतरावर चेहरा आणायला सांगितले, कारण एवढ्या लहान बाळाला तितक्याच अंतरावरचे बरे दिसते. भोवरा खिशातच राहिला.

गोष्टीतली ती चाळवाचाळव खरी आहे. नवजात बाळ दिवसाकाठी साधारण 14 ते 17 तास झोपते आणि त्यातली जवळपास निम्मी झोप अशी हलती असते. त्या वेळी मोठी माणसेसुद्धा बाळाला घाईने उचलून घेतात आणि खरोखरच जागे करतात. घर मात्र चिडीचूप ठेवू नका. दिवसा उजेड आणि नेहमीचे बोलणे असू द्या. टाळायचा तो अचानक होणारा मोठा आवाज. पाळणा मागाच्या भिंतीपासून दूर ठेवा, कारण झोप मोडली नाही तरी सततचा मोठा आवाज कानांना बरा नव्हे.

बाळ दुधासाठीही उठवता येत नसेल, नीट ओढत नसेल किंवा दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, तर मात्र ती साधी झोप समजू नका आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.