‘मी ठीक आहे’ हे पहिल्या ओळीत

“मॅडम, मी तीन वर्षं नियमित व्हिडिओ टाकते आहे. आता दमले आहे, दोन महिने थांबायचं आहे. न सांगता थांबले तर लोकांना वाटेल, हिचं काहीतरी बिनसलं. सांगितलं तर ‘संपलं हिचं’ म्हणून सोडून जातील. पाच वेळा पोस्ट लिहिली आणि पुसली. नेमकं काय लिहू?”

तुमच्यासारखीच एक बाई माझ्याकडे आली होती, तिचीच गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती चित्रकला शिकवणारे छोटे व्हिडिओ करायची, आठवड्याला चार. फॉलोअर्स अठरा हजारांच्या आसपास. तिनेही पोस्ट लिहून आणली होती, फक्त पुसली नव्हती. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं:

“नमस्कार... हे लिहिताना खूप जड जातंय. गेले काही महिने माझ्यासाठी सोपे नव्हते. काही वैयक्तिक कारणांमुळे मी आता थांबते आहे. पुन्हा कधी भेटू, माहीत नाही. तुमच्या प्रेमाची कायम ऋणी राहीन. काही चुकलं असेल तर माफ करा. काळजी घ्या.”

मी दोनदा वाचलं, फोन टेबलावर ठेवला आणि सरळ विचारलं, “तुमच्या मनात जीव संपवण्याचे विचार येतात का?”

ती दचकली. “अहो, नाही! मला फक्त झोप हवी आहे.”

तिने नाही म्हटलं म्हणून मी तिथेच सोडून दिलं नाही. झोप, जेवण, आवडीच्या गोष्टींतला रस, घरात कोणाशी मोकळं बोलता येतं का, असं सगळं विचारून घेतलं. असा प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट मनात असेल तर तो बोलायला वाट मिळते. तिच्या बाबतीत खरोखरच थकव्याशिवाय काही नव्हतं. उत्तर ‘हो’ आलं असतं तर पोस्टचा विषय आम्ही तिथेच बंद केला असता. तुमच्याबाबतीत तसं काही असेल तर आधी घरातल्या एखाद्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा, पोस्टचं नंतर बघू.

ती थोडी चिडलीच होती. मग मी तिला म्हटलं, “तुम्ही हे रात्री अकराला, दोन विनोदी व्हिडिओंच्या मध्ये, दुसऱ्या कोणाच्या नावाखाली वाचलंत असं समजा. मनात काय काय येईल?” ती बोटांवर मोजू लागली. आजारी असेल का? नवऱ्याशी फाटलं का? कोणी गेलं का? परत येणार की नाही? आणि मग हळूच म्हणाली, “हे तर निरोपाचं पत्र वाटतंय.”

तिने खोटं काही लिहिलं नव्हतं. पण एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं आणि प्रत्येक वाक्याने नवा प्रश्न तयार केला होता. ‘वैयक्तिक कारणांमुळे’ हे तर फारच फसवं. आपल्याला वाटतं, दार लावून घेतलं. बाहेरच्याला मात्र दाराखालून दिव्याची रेघ दिसते आणि तो आत डोकवायला बघतो. त्यातून ते तीन टिंब, माफी आणि ‘कायम ऋणी’.

अनोळखी माणसं इतकी काळजी का करतात, याचं तिला आश्चर्य वाटत होतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच यावर लिहून ठेवलं आहे, तेही टीव्ही पाहणाऱ्यांबद्दल. पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतो आहे असं वाटून बघणाऱ्याच्या मनात एकतर्फी ओळख तयार होते. आठवड्यातून चार वेळा जिचा आवाज कानावर पडतो, ती ओळखीचीच. ओळखीचं माणूस अचानक गप्प झालं किंवा कोड्यात बोललं की आपण सर्वात वाईट तेच आधी कल्पतो.

आता खरी गंमत. (गंमत म्हणजे त्रासच.) मी विचारलं, “तुम्हाला नुसतं दमायला झालंय, तर पोस्टमध्ये इतकं दुःख का?” बराच वेळ गेला. मग म्हणाली, “नुसतं दमले म्हटलं तर लोक म्हणतील, चित्रं तर काढते, त्यात काय दमायचं?” म्हणजे थांबायची परवानगी मिळावी म्हणून कारण जड करणं चाललं होतं. एकाच पोस्टवर दोन कामं लादली होती, लोकांना कळवणं आणि लोकांकडून माफी मिळवणं. पहिलं काम पाच ओळींत होतं. दुसरं कुठल्याच पोस्टने होत नाही, कारण अठरा हजार माणसं मिळून ‘जा, आराम कर’ म्हणणार नसतात. कोणीतरी एक तिरकस बोलतोच, आणि तोच लक्षात राहतो.

आम्ही दोन्ही कामं वेगळी केली. माफी, अपराधीपणा, ‘मी कमी पडले’ हे सगळं तिने वहीत लिहिलं आणि पुढच्या भेटीला आणलं. त्यावर दोन भेटी गेल्या, त्या इथे सांगत नाही. पोस्टपुरतं म्हणाल तर, वहीत उतरल्यावर तिच्या मसुद्यातलं ‘माफ करा’ आपोआप गळलं. मी सुचवलंही नव्हतं.

शेवटी जे टाकलं ते असं:

“मी ठीक आहे, घरचेही ठीक आहेत. आठवड्याला चार व्हिडिओ करून दमले आहे, म्हणून १ जूनपासून दोन महिने नवीन काही टाकणार नाही. १ ऑगस्टच्या आठवड्यात इथेच पोस्ट टाकून पुढचं कळवेन. जुने सगळे धडे इथेच आहेत. नव्याने आलेल्यांनी पेन्सिलच्या सात धड्यांपासून सुरुवात करा. या काळात मी मेसेज बघणार नाही, उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.”

‘मी ठीक आहे’ पहिल्याच ओळीत आहे, कारण अनेक जण पहिल्या ओळीपुढे जातच नाहीत. पण ते खरं असेल तरच लिहायचं. घरात आजारपण असेल तर ‘घरात आजारपण आहे, तिकडे लक्ष द्यायचं आहे, त्याहून जास्त इथे सांगणार नाही’ इतकं चालतं. किती सांगणार ते स्पष्ट म्हटलं की बहुतेक लोक खोदत नाहीत. अर्धवट सांगितलं की खोदतात. आणि खोटं ‘ठीक आहे’ पुढे उघडं पडलं, तर पुढच्या वेळी त्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही.

तारखेवरून आमचा थोडा वाद झाला. तिला ‘१ ऑगस्टला परत येते’ लिहायचं होतं. मी म्हटलं, मग जुलैचे शेवटचे पंधरा दिवस विश्रांती नाही, उसनवारी फेडणं होईल. पण तारीख अजिबात न देण्याचा सल्ला मी पूर्वी एकाला दिला होता, तो चुकला होता. ठरलेला दिवसच नसल्यामुळे त्याला दर आठवड्याला परतणं जास्त अवघड वाटत गेलं आणि तो अर्धा दिवस तेच ठरवण्यात घालवू लागला. म्हणून मधला रस्ता काढला, परतण्याची नव्हे तर कळवण्याची तारीख. त्या दिवशी ‘अजून थोडं थांबते’ असं कळवलं तरी शब्द पाळला जातो.

पोस्ट कुठे टाकायची, हाही प्रश्न होता. स्टोरी चोवीस तासांत जाते, आणि तिसऱ्या आठवड्यात ‘ही गायब का?’ म्हणून प्रोफाइलवर येणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून साधी पोस्ट टाकून ती वर पिन केली, परिचयाच्या ओळीतही ‘१ ऑगस्टच्या आठवड्यापर्यंत विश्रांती’ लिहिलं. शिवाय ती थांबण्याच्या पाच दिवस आधी टाकली. पोस्ट टाकून लगेच फोन बंद केला की त्याखालचे प्रश्न अनाथ राहतात आणि अफवा तिथेच वाढतात. त्या पाच दिवसांत ‘काय झालं?’ला एकच ठरलेलं उत्तर: “काही झालं नाही, दमले आहे. विचारल्याबद्दल धन्यवाद.” दरमहा पैसे देणारे तिचे काही सभासद होते. त्यांना आधी वेगळं कळवलं आणि दोन महिने त्यांची वर्गणी थांबवली. पैसे देणाऱ्याला ही बातमी इतरांबरोबर कळू नये, एवढं पथ्य पाळाच.

‘लोक सोडून जातील’ हे मात्र मी खोडून काढलं नाही, कारण काही जण जातातच. यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझान वॉयचिस्की यांनी २०१९ मध्ये लिहिलं होतं की, कंपनीने चॅनेल्सच्या सुट्ट्यांचे लाखो कालखंड तपासले. परतल्यावर सरासरी व्ह्यूज सुट्टीच्या लगेच आधीपेक्षा जास्त निघाले. मी हे तिला सांगितलं, पण सरासरीत आपण नेमके कुठे बसतो ते कळत नाही, हेही सांगितलं. आणि चॅनेलवर सहा महिने किंवा जास्त काळ व्हिडिओ किंवा पोस्ट काहीच नसेल, तर यूट्यूब त्या चॅनेलची कमाई बंद करू शकतं. तुमचे दोन महिने त्याच्या बरेच आत आहेत.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. बघायचं नाही असं ठरवूनही तिने आकडा बघितला होता. “शंभर गेले. मी म्हटलं होतं ना?” मी तिला आधीच्या महिन्यांचे आकडे काढायला लावले. नेहमीच्या आठवड्यातही तीसचाळीस जण सोडून जातच होते. नवे व्हिडिओ नवी माणसं आणायचे, म्हणून ती गळती एकूण आकड्यात दिसत नव्हती. आता नवे येणं थांबलं आणि रोजची गळती उघडी पडली. तीन आठवड्यांचे शंभर म्हणजे नेहमीचेच. सुट्टीमुळे गेलेले म्हणावेत असे जवळपास कोणीच नाहीत. तुम्हीही थांबण्यापूर्वी गेल्या चार आठवड्यांत किती जण सोडून गेले ते एका कागदावर लिहून ठेवा. नंतर रात्री दोनला आकडा बघाल (बघालच), तेव्हा तो कागद शेजारी असू द्या.

१ ऑगस्टच्या आठवड्यात तिने पोस्ट टाकली: “मी ठीक आहे. अजून तीन आठवडे थांबते आहे, नंतर आठवड्याला दोनच व्हिडिओ करेन.” संध्याकाळी तिने मला खालच्या प्रतिक्रियांचा फोटो पाठवला. वरच कोणीतरी लिहिलं होतं, “पेन्सिलचे सातही झाले. पुढे रंग आहेत ना?”